ताई, माझं नाव घ्या!

दुपारी अडीच ही आपल्याकडे पूर्वी वामकुक्षीची वेळ होती. आता ती साड्यांची वेळ झाली आहे. जेवणं उरकलेली असतात, भांडी पालथी पडलेली असतात, मुलं शाळेतून यायला अवकाश असतो, मालिका संध्याकाळी आणि नवरा कचेरीत. नेमक्या या फटीत फेसबुक उघडलं की कुठल्या ना कुठल्या गावातली एक ताई रिंग लाइटसमोर उभी राहून म्हणत असते, "नमस्कार मैत्रिणींनो, माझा आवाज येतोय का? येत नसेल तर कमेंटमध्ये सांगा." आवाज येत नसेल तर हा प्रश्न तरी कसा ऐकू येणार, हे कुणी विचारत नाही. चाळीस जणी निमूटपणे 'येतोय' असं लिहितात आणि एक जण 'प्राइस?' असं लिहिते. अजून साडी दाखवलेली नसते.

यातली एक ताई म्हणजे आमची सूनबाई. नाशिकला आमच्या घरातली मधली खोली तिनं दुकान म्हणून घेतली आहे. शेजारी याला 'ऑनलाइन बिझनेस' म्हणतात, आमची ही 'पसारा' म्हणते. मी बँकेत आयुष्यभर नोटा मोजल्या, त्यामुळे निवृत्तीनंतर माझी नेमणूक आपोआप झाली. दुसऱ्या फोनवर कमेंटी वाचायच्या, बुकिंग वहीत लिहायचं आणि आलेले पैसे जुळवायचे. पगार नाही. पण लाइव्ह चालू असताना घरात कुकर लावायला बंदी असते आणि ती बंदी अमलात आणण्याचे सर्वाधिकार माझ्याकडे आहेत. पस्तीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरावर माझा एवढा अंमल कधी नव्हता.

लोकांना वाटतं, साड्या विकणं म्हणजे ते दोन तास बोलणं. खरं काम त्याआधी दोन दिवस दिवाणावर चाललेलं असतं. एका लाइव्हला साठेक साड्या लागतात, कारण एक साडी नीट दाखवायला दोन मिनिटं जातात आणि दोन तासांच्या वर बायका थांबत नाहीत. या साठही साड्या एकेक करून पूर्ण उघडायच्या. सुरतेहून आलेल्या मालात यंत्रमागाच्या तेलाचा डाग बहुतेक काठाजवळच असतो आणि तो नेमका आतल्या घडीत गेलेला असतो. मग कुठे धागा ओढला गेलाय का, पदराची जर सुटलीय का, ब्लाउजपीस साडीलाच जोडून आहे की वेगळा, हे बघायचं. शेवटी माप. साडेपाच मीटर साडी आणि ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस, म्हणजे सहा मीटर तीस सेंटिमीटर भरली पाहिजे. हे खातं हिच्याकडे आहे. तिनं दिवाणाच्या कडेला शिंप्याची टेप चिकटवून ठेवली आहे आणि तिच्यावरून ती साडी अशी सरकवते की एकदा एका गठ्ठ्यातल्या साड्या वीत-दीड वीत तोकड्या निघाल्या, तेव्हा तिनं सुरतेच्या व्यापाऱ्याला फोनवर विचारलं, "अहो भाऊ, तुमच्याकडे बायका निऱ्या घालतच नाहीत का?" माल बदलून आला.

तपासून झाली की साडीची घडी नव्यानं घालायची. दुकानातली घडी कपाटासाठी असते, लाइव्हची घडी झटक्यासाठी. पदर वर ठेवायचा, म्हणजे खांद्यावरून एकदा सोडला की पूर्ण उलगडतो. मग चिठ्ठी. त्यावर मोठ्या अक्षरात कोड आणि किंमत लिहायची आणि ती टाचणीनं नाही, क्लिपनं लावायची, कारण टाचणीचं भोक सिल्कमध्ये राहतं. एस म्हणजे सुरत, वाय म्हणजे येवला, आय म्हणजे इरकल आणि पुढे आकडा. कोड ठरवताना मी बँकेच्या पद्धतीनं आठ अंकी क्रमांक सुचवला होता. तो मंजूर झाला नाही.

आता या धंद्यातली खरी गंमत सांगतो, ती कॅमेऱ्यासमोर कधी दिसत नाही. सुरतेचा व्यापारी साडी सुटी देत नाही, सेट देतो. एकाच डिझाइनचे आठ रंग. त्यातले सहा रंग बायकांसाठी केलेले असतात आणि दोन, माझा पक्का समज आहे, व्यापाऱ्याच्या मेहुण्याच्या आग्रहाखातर केलेले असतात. एक मेहंदी आणि एक राखाडी. आमच्या एका सेटचा हिशेब देतो. जीएसटी धरून एक साडी पडली 651 रुपयांना, म्हणजे आठांचे 5208. विकायची 899 ला, शिपिंग फ्री. हे 'फ्री' म्हणजे आमच्या खिशातून सुमारे 70 रुपये. लाइव्ह सुरू झाला, राणी गेली, मोरपिशी गेली, डाळिंबी गेली, सहा रंग वीस मिनिटांत संपले. कमेंटीत टाळ्या, सूनबाई खुशीत, शेजारीण दारातून म्हणते, "चांगला चाललाय हो धंदा!" मी वहीत बेरीज मारतो. सहा साड्यांचे आले 5394. त्यातून कुरियरचे 420 वजा, उरले 4974. खरेदी 5208. म्हणजे सहा साड्या धडाक्यात विकून आम्ही 234 रुपये तोट्यात उभे.

सगळा नफा त्या मेहंदी आणि राखाडीत अडकलेला असतो. त्या दोन्ही पुऱ्या भावानं गेल्या तर सेटमागे 1424 रुपये हाती लागतात. नाही गेल्या आणि महिन्याभरानं 599 च्या सेलमध्ये काढल्या तर 824. नाहीच गेल्या तर एक हिची नेसायची होते आणि एक कुणाच्या तरी ओटीत जाते. म्हणून कुठलीही लाइव्हवाली ताई एखाद्या राखाडी साडीबद्दल पाच मिनिटं भावुक होऊन बोलायला लागली, 'ऑफिसला काय एलिगंट दिसेल बघा' म्हणाली, तर समजावं की ती साडी विकत नाहीये, गुंतवणूक सोडवतेय.

रंगांचा विषय निघाला आहे तर कॅमेऱ्याबद्दल बोललं पाहिजे, कारण या धंद्यातली निम्मी भांडणं 'दाखवला एक रंग, पाठवला दुसरा' यावरून होतात, आणि त्यातल्या बहुतेक भांडणांत दोन्ही बाजू खऱ्या असतात. फोन स्वतःच्या अकलेनं उजेड कमी-जास्त करत असतो. पांढऱ्या भिंतीपुढे गडद साडी धरली की तो तिला आणखी काळपट करतो, तोंडावर रिंग लाइट मारला की पिवळ्याची हळद उडून जाते. जांभळ्या घराण्यातल्या रंगांचं तर कॅमेऱ्याशी जुनं वैर आहे. वांगी रंग निळा दिसतो, राणी लाल दिसतो. त्यात सुरतेच्या पावतीवर रंगांची नावं वाइन, पीच, टील अशी. बार्शीच्या ताई विचारतात, "वाइन म्हणजे आमसुली का?" सांगलीच्या म्हणतात, "नाही हो, डाळिंबी." चिंतामणी आणि मोरपिशी यांच्या सीमेवर तर आमच्या कमेंटीत बेळगावपेक्षा जास्त वाद झालेला आहे.

सूनबाईनं यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. पहिलं म्हणजे लाइव्ह दिवसाच घ्यायचा, गॅलरीच्या उजेडात. रिंग लाइट कोपऱ्यात दीपमाळेसारखा उभा असतो, पण विझलेला. दुसरं, पडद्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस कुलूपबंद करायचा, म्हणजे मधेच फोनला अक्कल सुचत नाही. तिसरं, साडीशेजारी घरातली वस्तू धरायची. पिवळ्याशेजारी लिंबू, लालशेजारी कुंकवाचा करंडा, आमसुलीशेजारी खरोखरचं आमसूल. फोननं लिंबू फिकं दाखवलं तर बघणारीला कळतं की साडीही तेवढीच फिकी दिसतेय; लिंबाचा रंग प्रत्येकीला पाठ असतो. एकदा अबोलीसाठी अबोलीचा गजरा मिळाला नाही म्हणून तो रंग त्या दिवशी विक्रीला ठेवलाच नाही. एवढं करूनही ती प्रत्येक लाइव्हला सांगते, "एखादी छटा उन्नीस-बीस होईल ताई." हे वाक्य न सांगणारीकडून मी स्वतः रुमालही घेणार नाही.

प्रत्यक्ष लाइव्हमध्ये सगळ्यात मोठा घोटाळा उशिराचा असतो. इथे सूनबाई बोलते ते तिकडे फोनवर दहा-पंधरा सेकंदांनी पोचतं. मग तिकडची ताई हरखते, डोळ्यांवर चष्मा चढवते, टाइप करते. तिचं 'बुक' इथे उगवतं तोवर पुढची साडी खांद्यावर आलेली असते. कोड नव्हते त्या सुरुवातीच्या काळात तीन जणींनी पाठोपाठ 'मला हीच हवी' म्हणून राखाडी साडी बुक केली होती. घरात सणासारखं वातावरण होतं. रात्री कळलं की तिघींना आधीची गुलबक्षी हवी होती. आता नियम आहे. प्रत्येक साडी कोडच्या चिठ्ठीसह पाच सेकंद हलवायची नाही. "घ्या ताई, स्क्रीनशॉट घ्या." कमेंटीत कोड लिहायचा आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. कमेंटी फोनवर पुढेमागे दिसतात, म्हणून ज्या ताईचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर आधी आला, साडी तिची.

या स्क्रीनशॉटला मी व्हाउचरचा दर्जा दिला आहे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात वेळ असते. तीच वेळ दुपारी 2:51 ची असेल तर ताईनं खरोखर लाइव्ह बघितला. रात्री 10:40 ची असेल तर तिनं रेकॉर्डिंग बघितलं आणि ती साडी केव्हाच गेली. बॅटरी किती टक्के उरली होती हेही दिसतं. चार टक्क्यांवर साडी बुक करणाऱ्या स्त्रीबद्दल मला विशेष आदर आहे. बँकेत असतो तर तिला कर्ज दिलं असतं.

बुकिंगनंतर अर्धा तास. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर साडी वेटिंगवरच्या दुसरीकडे जाते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस आवृत्तीत प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगीत लेबल लावता येतं, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले. सूनबाई ती लेबलं लावते आणि मी तेच सगळं वहीत लिहितो. आमच्या दोघांचा ताळा जमेपर्यंत पार्सल बांधायला घेत नाही. 'ह्यांना विचारून सांगते' असा निरोप आला की मात्र मी लगेच पुढचं नाव लिहितो. अर्ध्या तासात सापडणारे 'हे' अजून जन्माला यायचे आहेत.

पैशाच्या बाबतीत आमच्याकडे एकच कायदा आहे. पैसे गेल्याचं चित्र म्हणजे पैसे नव्हेत. खोटा पेमेंट स्क्रीनशॉट तयार करून देणारी अ‍ॅपं फिरत असतात. हिरवी खूण, नाव, रक्कम, सगळं हुबेहूब. बँकेच्या मेसेजचीही हुबेहूब नक्कल होते. म्हणून मी फक्त खातं बघतो. एकदा 1798 रुपयांचा, म्हणजे दोन साड्यांचा, सुरेख स्क्रीनशॉट आला आणि पाठोपाठ 'ताई अर्जंट आहे, लग्न आहे, आजच टाका'. खात्यात काही नाही. मी स्क्रीनशॉटवरचा व्यवहार क्रमांक मोजला. यूपीआयचा हा क्रमांक बारा अंकी असतो, इथे अकराच भरले. बनावट करणाऱ्यानं एवढी मेहनत घेतली आणि एका आकड्यात काटकसर केली! सूनबाईनं नम्रपणे कळवलं, "ताई, बँकेत जमा झाले की त्याच मिनिटाला टाकते." लग्नघरातून पुन्हा निरोप आला नाही. कधी कधी खरंच पैसे तिकडून वजा होतात आणि इकडे पोचत नाहीत. तेव्हा बँक ते आपोआप परत करते. त्या ताईंना धीर द्यायचा, पण साडी द्यायची नाही. या दोन क्रिया एका वेळी करणं हे कॅशियरचं शिक्षणच आहे.

आता विश्वासाचं. आपण ग्राहकाच्या बाजूनं विचार करा. कधी न पाहिलेल्या बाईला, न हाताळलेल्या साडीचे पैसे आधी पाठवायचे. माझ्या आईनं ओळखीच्या दुकानदाराकडूनही गज मोजून घेतल्याशिवाय कापड घेतलं नाही. मग या हजारो बायका कशाच्या भरवशावर पैसे पाठवतात?

सुरुवातीला मला वाटायचं, बायका उगाच वेळ घालवतात. साडी बघायची सोडून कमेंटीत लिहायच्या, "ताई, परभणीहून बघतेय, माझं नाव घ्या." "ताई, माझ्या मुलीचा वाढदिवस आहे, विश करा." सूनबाई प्रत्येकीचं नाव घ्यायची आणि मी मनात सेकंद मोजायचो. मग एक प्रकार घडला आणि मला या नाव घेण्यातली मेख कळली. कुणीतरी सूनबाईचा जुना लाइव्ह उतरवून घेतला, मिळत्याजुळत्या नावाचं पान काढलं आणि तो 'लाइव्ह' म्हणून चालवला. खाली पट्टी, 'स्टॉक क्लिअरन्स, कोणतीही साडी 499', आणि शेजारी भलताच नंबर. आमची मधली खोली, आमची सून, आमचं लिंबू, आणि पैसे तिसऱ्याच्या खिशात. जळगावच्या एका ताईनं तिथं पैसे भरले आणि साडी आली नाही म्हणून आमचा खरा नंबर शोधून आम्हाला ऐकवलं. त्यांना ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं. जितक्या लवकर फोन करावा तितकी पैसे अडकवून ठेवता येण्याची आशा जास्त.

पण त्या पानाला न फसलेल्या जुन्या गिऱ्हाइकांचं मला कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही तीनदा लिहिलं, ताई नाव घ्या. त्या नुसत्याच साड्या दाखवत सुटल्या. तेव्हाच म्हटलं, ह्या आपल्या ताई नव्हेत." रेकॉर्डिंग काहीही करू शकतं, पण परभणीहून आत्ता लिहिणाऱ्या बाईचं नाव घेऊ शकत नाही. मोठमोठ्या बँका खातेदार खरा आहे की नाही हे पडताळायला जेवढी यंत्रणा बसवतात, तेवढं काम या बायका चार शब्दांत करतात आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छा पदरात पाडून घेतात. त्या दिवसापासून मी सेकंद मोजायचं सोडलं. उलट सूनबाई साडीच्या ओघात विसरली तर मीच कॅमेऱ्यामागून ओरडतो, "परभणी राहिल्या!"

विश्वासाची दुसरी कसोटी साडीच्या उलट्या बाजूला असते. पैठणी हा शब्द लाइव्हवर इतका स्वस्त झालाय की बाराशे रुपयांच्या पॉलिस्टरलाही लोक तो लावतात. येवल्याला हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया, कमळं मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच विणून तिथेच वळवलेला असतो. यंत्रावरच्या सेमी पैठणीत मागे धाग्यांचे लांब लोंबकळे धावत असतात, किंवा ते कापून टाकलेल्या जागी खरखरीत टोकं हाताला लागतात. हे ओळखायला पदर उलटा करायला दोन सेकंद पुरतात. आमच्याकडे प्रत्येक येवल्याची साडी उलटी करून दाखवायचीच, हा नियम आहे. सेमी असेल तर सूनबाई 'सेमी' हा शब्द तीनदा उच्चारते. एकदा हिनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, इतकं काय ओरडून सांगतेस?" ती म्हणाली, "आई, सेमी विकायला लाज नाही, अस्सल म्हणून सेमी विकली तर आहे." सेमीचा खप कमी झाला नाही. बाराशेत अस्सल मिळत नाही हे गिऱ्हाइकांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांना फक्त आपल्या तोंडून ऐकायचं होतं.

लेबलांचाही गोंधळ फार. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं 2004 पासून सिल्क मार्क दिला जातो. तो असला म्हणजे धागा अस्सल रेशमाचा. साडी हातमागावर विणली की यंत्रमागावर, याबद्दल तो काही बोलत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. पुष्कळ लाइव्हांत एक दाखवून दुसरं सांगितलं जातं आणि खोटं काहीच बोलल्यासारखं होत नाही. जुन्या बायका दशांचा एक धागा काढून जाळून बघायच्या. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते; पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ही चाचणी मी लाइव्हमध्ये करून दाखवायला तयार होतो, काडेपेटीही आणली होती. साठ साड्या, पडदे आणि मी असे एका खोलीत आहोत, या कारणावरून परवानगी नाकारण्यात आली.

तिसरी गोष्ट म्हणजे ओपनिंग व्हिडिओ. परत करायची असेल तर पार्सल उघडतानाचं चित्रण हवं, ही अट आता सगळ्याच ताया घालतात. बायकांना वाटतं ही पळवाट आहे. मुळात ती दोघींसाठी पुरावा आहे, फक्त कसा घ्यायचा हे कुणी नीट सांगत नाही. आधी पत्त्याचं लेबल दाखवायचं, मग पार्सलच्या सगळ्या बाजू, न फाडलेली टेप, आणि मग न थांबता उघडून साडी पूर्ण उलगडायची. मधे एकदा जरी रेकॉर्डिंग थांबलं तरी त्याचा उपयोग संपला. आमच्या बाजूचा पुरावा म्हणजे लाइव्हचं रेकॉर्डिंग. पण 2025 पासून फेसबुक नवे लाइव्ह तीसच दिवस ठेवतं, मग पुसून टाकतं. म्हणून मी प्रत्येक लाइव्ह त्याच रात्री उतरवून, तारीख घालून ठेवतो. दफ्तर सांभाळायची सवय.

तिचा उपयोग झाला तो बार्शीच्या ताईंच्या वेळी. साडीला छिद्रं आहेत, बदलून द्या, असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओ पाठवला होता. त्यात लेबल होतं, टेप होती, आणि मग बराच वेळ त्यांचा नातू होता, हातात कात्री घेऊन, मोठ्या उत्साहानं. लाइव्हमध्ये तीच साडी त्याच कोडसह धड दिसत होती. ताईंनी छिद्रांचे फोटो पाठवले तेव्हा हिनं एका नजरेत निकाल दिला. छिद्रं एक नव्हे तीन होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर. मागावरचा दोष एका जागी असतो. सारख्या अंतरानं पुन्हा पुन्हा दिसणारी चीर ही घडी घातलेल्या कापडावर पडलेली असते, म्हणजे कात्री पिशवीतून तीन पदर खाली गेली होती. नियमानं आम्ही काही देणं लागत नव्हतो. ताईंनी स्वतः व्हिडिओ पुन्हा बघितला आणि लिहिलं, "आमच्याच बाळराजांचा पराक्रम दिसतोय." सूनबाईनं त्याच रंगाची काठाची लेस पाठवून दिली, छिद्रांवरून लावायला. तेव्हापासून पार्सलमध्ये साडीवर एक पुठ्ठा असतो आणि पिशवीवर मी मार्करनं लिहितो, 'कात्री बेतानं'. त्या ताई अजूनही आमच्या गिऱ्हाईक आहेत. बाळराजे व्हिडिओत असतात, पण हात बांधून.

राहता राहिलं पार्सल. त्यात काही शास्त्र नाही, पत्त्याशिवाय. 'दत्तमंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ, कुणालाही विचारा' हा पत्ता प्रेमळ आहे, पण कुरियरवाल्याला सहा आकडी पिन आणि उचलला जाणारा मोबाइल लागतो. लहान गावांना खासगी कुरियर पोचत नाही, तिथे पोस्ट. फॉल-पिको करून मागितला असेल तर ती साडी परत घेतली जात नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगितलेलं बरं. सुई लागली की साडी तुमची.

तर वाचकहो, लाइव्हवरून साडी घ्यायची असेल तर आधी स्वतःचं नाव घ्यायला लावा, पदर उलटा करून मागा, पैसे लाइव्हमध्ये त्या ताई स्वतः सांगतील त्याच नंबरवर पाठवा आणि पार्सल उघडताना नातवंडांना बाहेर खेळायला सोडा. आणि आमच्या मागच्या सेटमधली मेहंदी अजून शिल्लक आहे. किंमत 899, शिपिंग फ्री. ऑफिसला फार एलिगंट दिसेल.